कच्चा मासा घरी खायचा, तर आधी फ्रीजरला थर्मामीटर लावा

हेगला राहायला आल्यावर पहिल्याच जूनमध्ये ऑफिसातल्या लोकांनी मला हेरिंगच्या गाड्यावर नेलं. लोक त्या कच्च्या, हलक्या मिठातल्या माशाची शेपटी धरत होते, मान मागे टाकत होते आणि अख्खा मासा सरळ तोंडात सोडत होते. मी मालवणची. मासा खायला घाबरणारी नाही, पण कच्चा मासा म्हटल्यावर हात आपोआप मागे आला. "किडे नसतात का यात?" मी विचारलं. गाडीवाल्या काकांनी कांदा चिरता चिरता उत्तर दिलं, "असतात की. पण मेलेले."

ते गंमत करत नव्हते. हा लेख त्या एका वाक्यावरच उभा आहे. घरी सुशी, लिंबाच्या रसात मुरवलेलं सेविचे किंवा व्हिनेगरमधला बांगडा करायचा असेल तर मासा कितीही ताजा असो, त्यात अळी असू शकते हे धरून चालायचं आणि ती ताटात येण्याआधी मेलेली असेल याची सोय करायची. घरच्या घरी ती सोय करता येते ती थंडीने. लिंबू, व्हिनेगर, वसाबी, मिरची यांपैकी कशानेही ती होत नाही.

आधी अळीची ओळख

तिचं नाव अॅनिसाकिस. तिचं खरं घर देवमासा, डॉल्फिन यांच्या पोटात. तिथून अंडी विष्ठेवाटे समुद्रात येतात, बाहेर पडलेल्या अळ्यांना कोळंबीसारखे बारीक जीव खातात, त्यांना मासे खातात, आणि अळी माशाच्या पोटात आतड्यांवर वेटोळं करून बसते, कधी तरी एखादा देवमासा आपल्याला गिळेल या आशेने. माणसाने मासा खाल्ला तर तिच्या दृष्टीने ती चुकीच्या घरात शिरलेली असते. माणसाच्या पोटात ती मोठी होत नाही की अंडी घालत नाही, पण जिवंत असेतोवर जठराच्या भिंतीत तोंड खुपसते. त्याने जी कळ येते ती साधी नसते.

ती डोळ्यांना दिसते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. दोनतीन सेंटीमीटर लांब, शिवणकामाच्या जाड दोऱ्यासारखी, पांढुरकी, आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. तिची एक चुलत बहीण कॉड माशात सापडते; ती थोडी मोठी आणि तपकिरी असते, म्हणून पांढऱ्या मांसात लवकर दिसते.

या आजाराची ओळख पटली ती नेदरलँड्समध्येच. १९५० च्या दशकात इथे लोक पोटाच्या भयंकर कळांनी दवाखान्यात येऊ लागले. ऑपरेशन केल्यावर आतड्याच्या भिंतीत अळी सापडे. १९६० साली फान थील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हेरिंगमधल्या या अळीबद्दल लिहिलं. हेरिंग तर शतकानुशतकं खाल्ली जात होती, मग तेव्हाच असं का झालं? त्याचं एक कारण असं सांगतात की पूर्वी मासा बोटीवरच पोट काढून मिठात टाकत. नंतर बर्फाची सोय झाली तसा तो अख्खाच किनाऱ्यावर येऊ लागला. मासा मेल्यावर पोटातल्या काही अळ्या आतडी सोडून मांसात शिरतात. बर्फाने मासा ताजा राहिला, आणि अळ्यांना सरकायला वेळही मिळाला. १९६८ साली इथे हेरिंग गोठवण्याची सक्ती आली आणि रुग्ण झपाट्याने कमी झाले. गाडीवाले काका "मेलेले" म्हणाले ते यामुळे.

ही गोष्ट मी फोनवर आईला सांगितली तर ती म्हणाली, "त्यात काय नवीन? बांगडो घरात इलो की आधी पोट काढूचा, मगे पाणी पिवचा." बाईने 'लॅन्सेट' वाचलेलं नाही, पण पायरी बरोबर सांगितली.

पायरी पहिली: कुठला मासा घ्यायचा

पहिल्यांदाच करत असाल तर समुद्रातल्या पिंजऱ्यात वाढवलेला अॅटलांटिक सामन घ्या. त्याला सुरुवातीपासून कोरडं खाद्य मिळतं. जिवंत कोळंबी, लहान मासे त्याच्या पोटात जात नाहीत, त्यामुळे अळीचा रस्ताच तुटतो. युरोपच्या नियमांत अशा माशाला गोठवण्याच्या सक्तीतून सूट आहे, ती याच कारणाने. आज सुशी म्हटलं की नारिंगी सामन डोळ्यांपुढे येतो, पण जपानी माणूस पूर्वी सामन कच्चा खात नसे, कारण त्यांच्या समुद्रातल्या रानटी सामनमध्ये अळ्या आणि पट्टकृमी असतात. १९८० च्या दशकात नॉर्वेच्या लोकांनी आपला पिंजऱ्यातला सामन तिथे नेला, समजूत घातली, आणि मग तो सुशीवर चढला. उत्तरेकडच्या होक्काइडोतले आइनू लोक मात्र रानटी सामन कच्चा खात आले, पण थंडीत गोठवून, पातळ काप करून. त्याला 'रुइबे' म्हणतात.

रानटी पकडीचा कुठलाही मासा, मग तो बांगडा असो, हेरिंग, कॉड, अँचोव्ही, माकूल किंवा रानटी सामन, गोठवल्याशिवाय कच्चा नको. नदीतला आणि तळ्यातला मासा तर गोठवूनही घरी कच्चा करू नका. तिथल्या कृमींचं प्रकरण निराळं आणि जास्त वाईट आहे. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या नदीमाशाच्या 'कोई प्ला'मधून यकृतात जाणारा चपटा कृमी पित्तनलिकेच्या कर्करोगापर्यंत नेतो.

दुकानात 'सुशी ग्रेड' अशी चिठ्ठी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. तो कायद्यातला शब्द नाही. दुकानदार लावेल तो त्याचा अर्थ. त्यापेक्षा तीन प्रश्न विचारा: पिंजऱ्यातला की रानटी? गोठवलेला होता का? किती थंडीत, किती वेळ? उत्तर देताना दुकानदार चाचरला तर मासा घ्या, पण तव्यासाठी.

पायरी दुसरी: पोट काढणं आणि उजेडात बघणं

अख्खा मासा आणला असेल तर घरी आल्याआल्या पोट काढा. आतडी फाडू नका, अख्खी बाहेर ओढा. मग मांसाचे दोन पट्टे काढा आणि पोटाकडची पातळ झालर कापून टाका. मांसात शिरलेल्या अळ्या बहुतेक तिथेच असतात. बांगड्याची ती झालर चवीला सगळ्यात छान, चरबीदार. तिचं मला दर वेळी वाईट वाटतं, म्हणून ती मी फेकत नाही, तळते.

उरलेला पट्टा उजेडापुढे धरून बघा. मी काचेच्या ताटलीवर पट्टा ठेवते आणि खालून मोबाइलचा टॉर्च लावते. पांढऱ्या माशात अळी सावलीसारखी दिसते. बांगड्याचं मांस गडद, त्यात तितकं दिसत नाही. दिसली तर सुरीच्या टोकाने काढा. नाही दिसली तर 'नाही' असं समजू नका. या पायरीने अळ्या कमी होतात, पण मासा सुरक्षित होतो तो पुढच्या पायरीने.

पायरी तिसरी: फ्रीजरची परीक्षा

इथे घाई करू नका, कारण घरातले बहुतेक अपघात इथेच होतात.

अळी मारण्यासाठीचे आकडे असे. अमेरिकेच्या अन्न प्रशासनाचा नियम उणे २० अंश सेल्सियस किंवा त्याखाली ७ दिवस. नाहीतर उणे ३५ अंशांना घट्ट गोठवून त्याच थंडीत १५ तास. युरोपचा नियम माशाच्या प्रत्येक भागात उणे २० अंश, किमान २४ तास. स्पेनमध्ये व्हिनेगरमधल्या अँचोव्ही घरोघरी करतात, त्यामुळे तिथली अन्नसुरक्षा संस्था घरगुती फ्रीजरसाठी ५ दिवस सांगते. आकड्यांत फरक दिसतो, कारण कारखान्यातलं यंत्र मासा झटकन आणि सारखा गोठवतं, घरचा फ्रीजर रमतगमत. घरी मी ७ दिवसच धरते. दोन दिवस जास्त थांबल्याने काही बिघडत नाही.

पण हे दिवस उणे २० अंशांचे आहेत, आणि घरचे फ्रीजर उणे १८ ला लावलेले येतात. दारावर तीन चांदण्या छापलेल्या असतात त्यांचा अर्थ उणे १८. दोन अंशांनी काय होतंय, असं वाटेल. होतं. ही अळी थंड समुद्रातली आहे. सौम्य थंडीत ती मरगळते, आणि मासा सुटला की त्यातल्या काही पुन्हा वळवळू लागतात. शिवाय दारावरचा आकडा म्हणजे तुम्ही मागितलेलं तापमान, मिळालेलं नव्हे. आईस्क्रीमसाठी पोरं दिवसातून दहादा दार उघडतात. बर्फ साचू न देणारे फ्रीजर मधूनमधून स्वतःला गरम करून घेतात. दाराजवळचा कप्पा मागच्या कप्प्यापेक्षा बराच कोमट असतो.

म्हणून वायर असलेला एक थर्मामीटर घ्या, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान लक्षात ठेवणारा. महाग नसतो. मासा आणण्याच्या आदल्या दिवशी तो मागच्या कप्प्यात ठेवा आणि चोवीस तासांनी 'सगळ्यात जास्त' हा आकडा बघा. तो उणे २० च्या वर, म्हणजे उणे १७, उणे १५ असा असेल तर बटण आणखी खाली न्या आणि पुन्हा एक दिवस बघा. तरीही जमत नसेल तर त्या फ्रीजरमधून कच्चा मासा खायचा नाही. एकाच दाराच्या जुन्या फ्रीजमध्ये वरती बर्फाचा जो छोटा कप्पा असतो तो या कामाचा नाहीच.

पायरी चौथी: गोठवणं आणि दिवस मोजणं

परवाचाच हिशोब सांगते. शनिवारी बाजारातून दोन बांगडे आणले, इथे 'माक्रील' म्हणतात. आपल्या बांगड्याचाच गोरा भाऊ. चार पट्टे निघाले, जाडी साधारण दोन सेंटीमीटर. स्वच्छ कागदाने टिपून कोरडे केले, प्रत्येक पट्टा पातळ प्लास्टिकमध्ये हवा न ठेवता घट्ट गुंडाळला आणि चारही पट्टे थंड केलेल्या स्टीलच्या ताटात एकमेकांना न चिकटवता आडवे मांडले. एका पट्ट्याच्या सगळ्यात जाड भागात थर्मामीटरची वायर खुपसली. फ्रीजर आधीच उणे २४ वर नेऊन ठेवला होता.

संध्याकाळी सात वाजता मासा आत गेला. रात्री दहाला बघितलं तर पट्ट्याच्या पोटात उणे २. तिथे काटा बराच वेळ अडतो, कारण सगळी थंडी पाण्याचं बर्फ करण्यात खर्च होत असते. बाहेरून मासा दगडासारखा लागतो, आत मात्र अजून काही झालेलं नसतं. सकाळी सातला उणे १८. अकराला उणे २१. माझे सात दिवस तिथून सुरू झाले, शनिवारी संध्याकाळी सातपासून नाही. फ्रीजरच्या दाराला कागद चिकटवला: 'रविवार स. ११ ते पुढचा रविवार स. ११'. रोज एकदा 'सगळ्यात जास्त' तापमान बघायचं. मध्ये वीज गेली किंवा कुणी दार अर्धवट उघडं ठेवलं आणि माशातला आकडा उणे २० च्या वर आला, तर मोजणी पहिल्यापासून.

अख्खा सामन किंवा जाडजूड ठोकळा घरी गोठवू नका. आतपर्यंत थंडी पोचायला किती वेळ लागेल त्याचा अंदाज येत नाही. आधी पातळ पट्टे करा.

दुकानातून गोठवलेलाच मासा आणलात तर? काम सोपं होतं, पण संपत नाही. पाकिटावर बहुधा उणे १८ लिहिलेलं असतं. तो तुमच्या तपासलेल्या फ्रीजरमध्ये टाका, आतून उणे २० झाला की सात दिवस मोजा. आधीच घट्ट असल्यामुळे तिथे पोचायला वेळ कमी लागतो.

पायरी पाचवी: सोडवणं, मग मीठ आणि आंबट

मासा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर सोडवा, ओट्यावर नाही. हवाबंद पाकीट असेल तर सोडवायच्या आधी ते फोडा. हवा नसलेल्या जागी वाढणारा, बोटुलिझमचं विष करणारा एक जंतू असतो. सुटलेला मासा त्याच दिवशी खा आणि पुन्हा गोठवू नका.

बर्फातून आलेलं मांस थोडं मऊ पडतं आणि पाणी सोडतं, हे खरं आहे. जपानी पद्धतीच्या 'शिमे साबा'त त्यावर उपाय आहेच: पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी भरपूर मीठ लावून तासभर फ्रीजमध्ये ठेवायचं, सुटलेलं पाणी टाकायचं, धुऊन टिपायचं, मग तांदळाच्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास. वरून मांस पांढरट होतं, आत गुलाबी राहतं. पातळ साल नखाने डोक्याकडून शेपटीकडे सोलली की निघते.

सेविचे करायचं तर पांढऱ्या माशाचे दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे, मीठ, बुडेल इतका लिंबाचा रस, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, आणि पंधरा-वीस मिनिटं. तुकडे पांढरे आणि घट्ट होतात आणि डोळ्यांना वाटतं, शिजले. आंबटाने प्रथिनं आवळतात, एवढंच ते असतं. अळी मुळात जठरातल्या आम्लात टिकायला तयार झालेली आहे. व्हिनेगरमध्ये ती दिवसच्या दिवस जिवंत राहते. लिंबाची वीस मिनिटं तिला काहीच नाहीत. म्हणून क्रम कायम हाच: आधी गोठवणं, मग आंबट.

थंडी जे करत नाही

गोठवण्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. बाजारात तासभर उन्हात पडलेला मासा सात दिवस गोठवला तरी तो उन्हात पडलेलाच मासा. बांगडा, ट्यूना या जातींत आणखी एक भानगड आहे: मासा कोमट राहिला की जंतू त्यात हिस्टामिन तयार करतात. ते गोठवूनही जात नाही आणि शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, जिभेला मिरमिरतं. म्हणून कच्चा खायचा बांगडा पकडल्यापासून बर्फात असला पाहिजे.

गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी कच्चा मासा टाळावा. त्यांना त्रास देणारे जंतू फ्रीजरला दाद देत नाहीत. ज्यांना या अळीचीच अॅलर्जी झाली आहे त्यांना मेलेल्या अळीनेही पित्त उठू शकतं.

चूक झालीच तर ओळखायची कशी? कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांत, बहुधा बाराच्या आत, बेंबीच्या वर जोरदार कळ, मळमळ, उलटी. अॅसिडिटी समजून गोळी घेत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि "मी कच्चा मासा खाल्ला" हे पहिल्याच वाक्यात सांगा. ते कळलं की दुर्बीण घालून अळी चिमट्याने काढता येते, आणि कळ बहुतेकदा लगेच थांबते. अंगावर गांधी, ओठ सुजणं, श्वास लागणं यांपैकी काही झालं तर रुग्णवाहिकाच बोलवा.

पुण्या-मुंबईत करायचं असेल तर

मैत्रीण दादरहून विचारत होती, "रावसाला इंडियन सामन म्हणतात ना, त्याची सुशी करू?" रावस आणि सामन यांचं नातं नावापुरतं. रावस आपल्या किनाऱ्यावर रानटी पकडला जातो, त्याला पिंजऱ्यातल्या सामनची सूट लागू होत नाही. भारतीय समुद्रातल्या माशांतही या कुळातल्या अळ्या सापडतात. पण मला अळीपेक्षा बाजाराची जास्त भीती वाटते: फळीवर पडलेला मासा, वर मारलेलं बादलीतलं पाणी, तीच सुरी सगळ्यांना. हे सगळं कढईत जाणाऱ्या माशाला चालतं. कच्चं खायचं तर बंद पाकिटातला, गोठवून आयात केलेला पिंजऱ्यातला सामन घ्या, आणि तो घरी येईपर्यंत सुटलेला नाही एवढी खात्री करा.

आणि माझ्या त्या चार पट्ट्यांचं काय झालं? बुधवारी कुणीतरी वाटाण्याचं पाकीट काढून दार नीट लावलं नाही. संध्याकाळी थर्मामीटरवर 'सगळ्यात जास्त' उणे १४. मोजणी पुन्हा सुरू करता आली असती, पण पाहुणे रविवारीच येणार होते. आतून ६० अंशांवर मिनिटभर राहिली की अळी खलास होते आणि रटरटणारं कालवण तर त्याच्या कितीतरी पुढे जातं. चारही पट्ट्यांचं तिरफळं घालून तिखलं केलं. पाहुण्यांना सुशी पुढच्या महिन्यात.